बड्यांचा कल, पण कोणते बडे?

बिटकॉइनच्या वायद्यांत सौदे करणाऱ्यांच्या तोंडी एक आकडा हमखास असतो: बायनान्सचा 'टॉप ट्रेडर लाँग-शॉर्ट रेशो'. तो दोनच्या वर गेला की 'बडे तेजीत आहेत' असं म्हणत छोटेही खरेदीला लागतात. हे बडे कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

बायनान्सच्या हिशेबात मार्जिनची शिल्लक सर्वाधिक असलेले वरचे २० टक्के वापरकर्ते म्हणजे टॉप ट्रेडर. निकष पैशाचा आहे, हुशारीचा नव्हे. सतत तोटा खाणारा धनिकही त्यात बसतो. शिवाय दर पाचांतला एक जण बडा ठरत असेल, तर ही यादी तशी ऐसपैसच म्हणायची.

गोंधळ पुढे वाढतो, कारण या नावाचे आकडे दोन आहेत. एक खाती मोजतो, दुसरा सौद्यांचा आकार. समजा, दहा टॉप ट्रेडर आहेत. सात जणांनी प्रत्येकी एक बिटकॉइन लाँग घेतला, तिघांनी प्रत्येकी दहा शॉर्ट केले. खात्यांचं गुणोत्तर सातास तीन, म्हणजे २.३३, चित्र तेजीचं. सौद्यांचं गुणोत्तर सातास तीस, म्हणजे ०.२३, चित्र घोर मंदीचं. माणसं तीच, वेळ तीच. आणि वायद्यात प्रत्येक लाँगसमोर कोणाचा तरी शॉर्ट असतोच, त्यामुळे उरलेले २३ लाँग यादीबाहेरच्यांकडे आहेत. पूर्ण बाजार धरला तर सौदे कायम समसमान.

मग ते तिघे तरी मंदीवाले आहेत का? तेही सांगता येत नाही. एखाद्याने हाजिर बाजारात दहा बिटकॉइन विकत घेऊन तेवढेच पर्पेच्युअल वायदे विकले असतील, तर भाव कुठेही गेला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. तेजीत लाँगवाले शॉर्टवाल्यांना ठरावीक काळाने 'फंडिंग' देतात, त्याची कमाई तेवढी तो घेतो. एथेना या प्रकल्पाचं यूएसडीई नाणं याच पद्धतीवर उभं राहिलं. अशा शॉर्टची संख्या तेजी भरात असतानाच वाढू शकते. पडद्यावर फक्त शॉर्ट दिसतो. हाजिरची खरेदी किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवरचा उलटा सौदा दिसत नाही.

म्हणून जाणकार दोन्ही गुणोत्तरं शेजारी ठेवतात आणि सोबत ओपन इंटरेस्ट व फंडिंगचा दर पाहतात. गुणोत्तर घसरलं आणि ओपन इंटरेस्टही घटला, तर नवे शॉर्ट आले असण्यापेक्षा जुने लाँग सुटले असण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे एनएसईच्या आकडेवारीतून काढलेल्या, परदेशी संस्थांच्या निर्देशांक वायद्यांतील लाँग-शॉर्ट गुणोत्तराचंही असंच होतं. या संस्थांकडे शेअर्सचा मोठा साठा असतो. निफ्टीतला त्यांचा शॉर्ट त्या साठ्याचा विमा असू शकतो, आणि ऑप्शन्समधले त्यांचे सौदे या गुणोत्तरात धरलेलेच नसतात.