नकाशाने एकच गोष्ट सांगावी

जिल्हा आरोग्य बैठक असो वा संस्थेचे वार्षिक सादरीकरण, महाराष्ट्राच्या नकाशाची स्लाइड आली की बहुतेक वेळा तेच दिसते. प्रत्येक जिल्ह्याला वेगळा रंग, प्रत्येकावर नाव, नावाखाली आकडा आणि कोपऱ्यात लांबलचक सूची. मागच्या रांगेतल्या माणसाला त्यातले काहीही वाचता येत नाही. पुढच्या रांगेतला वाचतो, पण काय पाहायचे ते त्यालाही कळत नाही.

2011च्या जनगणनेतला एक विषय घेऊ: शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती. राज्याचा आकडा 894. सर्वांत कमी बीडमध्ये, 807. सर्वांत जास्त गडचिरोलीत, 961. स्लाइड करण्याआधी आकड्यांची यादी चढत्या क्रमाने लावून पाहावी. तळाशी बीड, जळगाव (842), अहिल्यानगर (852), बुलढाणा (855) आणि छत्रपती संभाजीनगर (858) येतात. हे पाचही जिल्हे एकमेकांना लागून आहेत. ही गोष्ट तक्त्यात दिसत नाही, नकाशावर दिसते. म्हणून नकाशा काढायचा, आणि शीर्षकातही हेच लिहायचे: ‘जळगाव ते बीड, सलग पाच जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण 860पेक्षा कमी’. नुसते ‘जिल्हानिहाय बाल लिंग गुणोत्तर’ लिहिले, तर शोधायचे काम पाहणाऱ्यावर पडते.

आता रंग. कमी-जास्त दाखवायचे असेल तर रंग एकच हवा, फिकट ते गडद अशा छटांमध्ये. लाल, पिवळा, हिरवा, निळा यांत मोठा कोण, धाकटा कोण हे डोळ्याला आपोआप कळत नाही. गडद आणि फिकट मात्र लगेच कळते. फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी 1826मध्ये शिक्षणाचा असा पहिला नकाशा काढला, तो काळ्या-पांढऱ्या छटांतच होता. लाल-हिरव्याची जोडी तर टाळावीच, कारण हा फरक न दिसणारे पुरुष जवळपास प्रत्येक मोठ्या सभागृहात असतात. साधी परीक्षा म्हणजे स्लाइड कृष्णधवल छापून पाहणे. क्रम टिकला तर रंग बरोबर आहेत. आपल्या उदाहरणात चिंता कमी आकड्याची आहे, म्हणून गडद छटा कमी प्रमाणाला द्यावी आणि तसे स्पष्ट लिहावे.

छटा चार पुरतात. खरा प्रश्न असतो त्यांच्या सीमा कुठे ठेवायच्या हा, आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. 807 ते 961 या अंतराचे चार समान भाग केले, तर पहिला गट साधारण 845ला संपतो. त्यात फक्त बीड आणि जळगाव उरतात. 852वरचे अहिल्यानगर 883वरच्या पुण्याबरोबर एकाच छटेत जाते आणि सलग पट्टा नकाशावरून नाहीसा होतो. आकडे तेच, चित्र वेगळे. त्याऐवजी सीमा 860, 894 आणि 930 ठेवल्या तर पट्टा दिसतो, शिवाय मधली सीमा राज्याच्या आकड्याची असल्याने तिला अर्थ असतो. पण हा निवाडा आपला आहे. वाशीम आणि कोल्हापूर 863वर, म्हणजे रेषेच्या जरासेच वर आहेत. बोलताना हे सांगायलाच हवे. नाहीतर तिथे सारे ठीक आहे असा समज होईल.

नावे फक्त ज्यांच्याबद्दल बोलणार त्यांचीच: पट्ट्यातले पाच जिल्हे आणि तुलनेसाठी गडचिरोली. आकडेही बीड आणि गडचिरोलीपुरते. बाकी जिल्ह्यांना पातळ पांढऱ्या सीमारेषा पुरेत. सूची कोपऱ्यात ठेवली की नजर सारखी ये-जा करते. म्हणून चार छटांची एकच जोडलेली पट्टी नकाशाला खेटून ठेवावी आणि तिच्यावर तीन सीमांचे आकडे लिहावेत. पूर्ण आकड्यांचा तक्ता हातात द्यायच्या कागदावर जावा.

सीमा जनगणनेच्या वेळच्या, 35 जिल्ह्यांच्या घ्याव्यात. पालघर 2014मध्ये झाला; आजच्या नकाशात 2011चे आकडे भरले तर तो कोरा राहतो आणि ठाण्याचा जुना आकडा अर्ध्याच जागेवर बसतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही रंगाने जात नाही. गडचिरोली चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि लोकसंख्या अकरा लाखांच्या आत. मुंबई उपनगरात नव्वद लाखांहून अधिक माणसे, पण नकाशावर तो जेमतेम ठिपका. म्हणून छटा प्रमाणासाठीच वापराव्यात. मुलींची एकूण संख्या सांगायची असेल, तर जिल्ह्यांची छटा काढून टाकून संख्येनुसार लहान-मोठी वर्तुळे ठेवावीत, आणि मुंबईचे वर्तुळ समुद्रात सरकवून रेषेने जोडावे.