वहीतल्या खरडीतून कामांचा तक्ता

गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक दीड-दोन तास चालते. सगळे बोलतात, आणि महिन्याभराने पुन्हा भेटल्यावर तोच विषय पहिल्यापासून सुरू होतो. याचे कारण बहुतेक वेळा सचिवांच्या वहीत सापडते. तिथे बोलणे उतरवलेले असते, पण त्यातले ठरले काय आणि करायचे कुणी, हे वेगळे काढलेले नसते.

समजा, रविवार, ७ जून २०२६ च्या एका बैठकीची टिपणे अशी आहेत:

"गच्ची गळते, ३०४ मध्ये पुन्हा ओल. पावसाआधी काहीतरी करा. कोटेशन २ आली, तिसरे सचिव. टाकी सफाई पुढच्या शनिवारी, नोटीस दोन दिवस आधी. थकबाकी ५ जण. ३०४ च्या भिंतीचा रंग कोण देणार? बरीच चर्चा. कोटेशन – सर्वांत स्वस्त नको, हमी किती वर्षे ते पाहून (सर्व सहमत)."

पहिली पायरी म्हणजे विषय गोळा करणे. बोलणे उड्या मारत चालते, म्हणून गच्चीची गोष्ट इथे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहे. प्रत्येक ओळीच्या समासात विषयाचे एका शब्दात नाव लिहावे: गच्ची, टाकी, थकबाकी. तीच पुढे शीर्षके होतात. शीर्षके बोलण्याच्या क्रमाने लावण्याची गरज नाही. ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून आहे ते वर घ्यावे.

दुसरी पायरी खरी कसोटीची आहे. प्रत्येक ओळीला विचारायचे: ही माहिती आहे, निर्णय आहे, काम आहे, की सुटलेला प्रश्न? 'सर्व सहमत' असे लिहिलेले आहे, म्हणून हमीचा मुद्दा निर्णय ठरतो. 'पावसाआधी काहीतरी करा' ही मात्र इच्छा आहे, तिला निर्णयाच्या रकान्यात जागा नाही. ही चाळणी लावल्यावर गच्चीचा भाग असा दिसतो:

गच्चीची गळती
- माहिती: ३०४ मध्ये पुन्हा ओल आली आहे. दोन कोटेशन मिळाली आहेत.
- निर्णय: ठेकेदार निवडताना केवळ कमी दर न पाहता हमीची वर्षे पाहायची.
- काम: तिसरे कोटेशन मागवणे.
- सुटलेला प्रश्न: ३०४ च्या रंगाचा खर्च कोणाचा?

'बरीच चर्चा' या दोन शब्दांच्या जागी सुटलेला प्रश्न नेमका लिहिला, की पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आपोआप तयार होऊ लागते.

आता फक्त 'काम' असलेल्या ओळी तक्त्यात घ्यायच्या. वाक्य क्रियापदाने संपावे आणि ते झाले की नाही, हे कुणालाही पाहून सांगता यावे. 'गळतीकडे लक्ष देणे' कधीच पूर्ण होत नाही. 'तिसरे कोटेशन मागवणे' पूर्ण होते.

| काम | जबाबदारी | मुदत |
|---|---|---|
| तिसरे कोटेशन मागवणे | सचिव | ठरली नाही |
| टाकी सफाईची नोटीस लावणे | ठरली नाही | ११ जून |
| १३ जूनला टाकी साफ करून घेणे | ठरली नाही | १३ जून |

'पुढच्या शनिवारी' हे शब्द तसेच ठेवले, तर कुणी १३ जून समजेल, कुणी २० जून. म्हणून अध्यक्षांना विचारून तारीख पक्की केली आणि नोटिशीची तारीख त्यावरून मागे मोजली. जबाबदारीच्या रकान्यात 'समिती' लिहिण्याचा मोह टाळावा. मदतीला चारजण असू द्या, पण विचारायचे कुणाला, ते एकच नाव हवे.

'ठरली नाही' हे शब्द लिहायला संकोच वाटतो आणि लिहिणारा अंदाजाने नाव घालून मोकळा होतो. माझ्या मते याहून मोठी चूक या कामात नाही, कारण ज्याने होकारच दिला नाही, त्याच्या नावावर काम पडते. थकबाकीचेही तसेच. पाचजण थकले आहेत एवढीच नोंद आहे. त्यांना पत्र पाठवायचे ठरल्याचा उल्लेख नाही, म्हणून तक्त्यात त्याची ओळ नाही. ती बाब आराखड्यात माहिती म्हणून राहते.

शेवटी उलट तपासणी करावी. मूळ टिपणातली प्रत्येक ओळ आराखड्यात सापडली की तिच्यावर खूण करायची. खूण न झालेली ओळ म्हणजे गळलेला मुद्दा. मग तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचा मूळ टिपणात आधार शोधायचा. तो नसेल, तर ती ओळ आपण मनाने घातलेली असते.

हे सगळे त्याच संध्याकाळी करा, कारण 'तिसरे सचिव' म्हणजे काय, हे आठवड्याने लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. तक्ता सदस्यांना पाठवा, रिकाम्या जागा दोन दिवसांत भरून घ्या आणि पुढची बैठक या तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू करा.