कोणाला काय करता येतं: परवानगीच्या तक्त्याची गोष्ट

भोसरीतल्या एका कारखान्याच्या कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही सात जण प्रोजेक्टरवरच्या एका एक्सेल शीटकडे बघत बसलो होतो. साठ माणसांचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा हा कारखाना. नवं ईआरपी सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. शीटमध्ये २६ ओळी होत्या आणि सात रकाने. ओळींत पुरवठादारांची यादी, पीओ, जीआरएन, बिल, पेमेंट, पगार अशी कामं, तर रकान्यांत स्टोअरकीपर, खरेदी अधिकारी, अकाउंट्स क्लार्क, अकाउंट्स प्रमुख, प्लँट मॅनेजर, संचालक आणि सिस्टीम सांभाळणारा. म्हणजे १८२ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला चार प्रश्न: बघता येईल का, बदलता येईल का, मंजूर करता येईल का, काढून टाकता येईल का?

या तक्त्याची कल्पना जुनी आहे. बटलर लॅम्पसन यांनी १९७१ साली संगणकातल्या संरक्षणावर लिहिताना अशीच एक चौकट मांडली होती: एका बाजूला वापरणारे, दुसऱ्या बाजूला वस्तू आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे हक्क. माणसाऐवजी भूमिकेला हक्क द्यायचे, ही रीत डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ साली नीट सूत्रात बांधली. आमच्या रकान्यांत म्हणूनच कोणाचं नाव नव्हतं, हुद्दा होता. माणसं बदलतात, तक्ता बदलावा लागू नये.

चौकटीत आम्ही V, E, A, D ही अक्षरं टाकतो. V म्हणजे बघणं, E म्हणजे नोंद करणं किंवा बदलणं, A म्हणजे मंजुरी, D म्हणजे काढून टाकणं. परवानगी नसेल तर चौकट रिकामी ठेवायची नाही, तिथे आडवी रेघ द्यायची, हा माझा आग्रह असतो. रेघेचा अर्थ, विचारलं आणि नाही म्हणाले. रिकाम्या चौकटीचा अर्थ, अजून कोणी विचारलंच नाही. पहिल्या बैठकीनंतर रिकाम्या चौकटी मोजल्या तर साठच्या वर निघाल्या. त्यातल्या बहुतेक V च्या होत्या, कारण ‘बघितल्याने काय बिघडतं?’ असं सगळ्यांनाच वाटतं.

बिघडतं, आणि ते स्टोअरमध्ये नीट दिसतं. ट्रक आला की स्टोअरकीपर माल मोजतो आणि जीआरएन करतो. त्याच्या स्क्रीनवर पीओमधला आकडा आधीच दिसत असेल, समजा ५०० बुशिंग, तर घाईच्या दिवशी तो ५०० च लिहितो. खोक्यात ४८० असले तरी. आकडा लपवला की मोजावंच लागतं. म्हणून आम्ही पीओची एक ओळ फोडून तीन केल्या: पीओ, पीओवरचा दर आणि पीओवरची मागितलेली संख्या. स्टोअरकीपरला पीओ दिसेल, माल कोणता ते दिसेल, पण दर आणि संख्या या दोन्ही ओळींत रेघ. ओळी २८ झाल्या. संचालकांना आधी हे जाचक वाटलं, स्टोअरकीपरना मात्र लगेच पटलं. ‘मोजून लिहिलं तर माझ्यावर बोट येत नाही,’ एवढंच ते म्हणाले.

D बद्दल माझं मत ठाम आहे. मंजूर झालेल्या हिशेबी कागदाच्या ओळीत D कोणाच्याच रकान्यात नसावा, संचालकांच्याही नाही. चूक झाली तर व्यवहार रद्द करायचा, उलटी नोंद करायची, पण मूळ कागद राहिला पाहिजे. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये ही शिस्त मुळातच आहे: सबमिट केलेलं कागदपत्र थेट काढता येत नाही, आधी रद्द करावं लागतं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. D राहिला तो फक्त कच्च्या नोंदींपुरता.

इथपर्यंतचं काम दोन बैठकांत झालं. तक्ता स्वच्छ दिसत होता, सही झाली, सिस्टीम सुरू झाली. खरी चूक मला दोन महिन्यांनी सापडली, आणि ती माझीच होती.

खरेदी अधिकारी बहिणीच्या लग्नासाठी गावी गेले होते. काम अडू नये म्हणून त्यांची भूमिका स्टोअरकीपरना दिली गेली. तक्त्यातला खरेदी अधिकाऱ्याचा रकाना बरोबर होता, स्टोअरकीपरचाही बरोबर होता. पण दोन्ही रकाने एकाच माणसात जमा झाले, आणि ते दाखवेल असं शीटमध्ये काहीच नव्हतं. मागवणारा तोच आणि माल आला म्हणणाराही तोच. अडवणारी एकच गोष्ट उरली होती, प्लँट मॅनेजरची मंजुरी. पण २५,००० रुपयांपर्यंतच्या पीओला ती लागत नव्हती. कटिंग ऑइलची ४८,००० ची खरेदी २४,००० च्या दोन पीओंत झाली होती, एकाच दिवशी, एकाच पुरवठादाराकडून. तेल खरोखर आलं होतं, मी स्वतः ड्रम पाहिले. मॅनेजर बाहेरगावी होते, लाइन थांबली असती, म्हणून तसं केलं, असं स्टोअरकीपरनी सरळ सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. तक्ता मात्र त्या प्रामाणिकपणावरच उभा होता.

त्या संध्याकाळी मी फाइलमध्ये दोन शीट वाढवल्या. `Users` मध्ये कोणाकडे कोणत्या भूमिका आहेत ते. `Check` मध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि त्याच्या सगळ्या भूमिकांमधली अक्षरं प्रत्येक कागदपत्राखाली एकत्र जोडलेली. मग एकमेकांना भेटू नयेत अशा जोड्या ठरवल्या: पीओ बदलणं आणि जीआरएन करणं, पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलणं आणि पेमेंट तयार करणं, बिल नोंदवणं आणि तेच मंजूर करणं. पीओ C रकान्यात आणि जीआरएन D रकान्यात असेल तर पहिल्या जोडीचं सूत्र असं:

```
=IF(AND(ISNUMBER(SEARCH("E",C5)),ISNUMBER(SEARCH("E",D5))),"तपासा","")
```

सूत्र ओढलं आणि स्टोअरकीपरच्या ओळीत ‘तपासा’ उमटलं. ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या जोडीखाली अकाउंट्स क्लार्कच्या ओळीतही तोच शब्द आला, आणि त्या तर रजेवरच्या कोणाचं काम करत नव्हत्या. पुरवठादारांची यादी सुरुवातीला भरून काढायला त्यांना E दिला होता, तो काढायचा राहिला होता. एखाद्या पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलून त्याच हाताने पेमेंट तयार करणं त्यांना दोन महिने शक्य होतं. त्या काळातले खाते क्रमांकांचे सगळे बदल आम्ही पुरवठादारांना फोन करून पडताळले. सगळे बरोबर निघाले.

मंजुरीच्या चौकटीतही बदल झाला. नुसता A लिहिण्याऐवजी रक्कम लिहायची, आणि ती मर्यादा एका पीओला नाही, तर एका पुरवठादाराच्या दिवसभराच्या खरेदीला लावायची. सिस्टीममध्ये तशी सोय नव्हती, म्हणून अकाउंट्स प्रमुख दर सोमवारी पीओंची यादी पुरवठादार आणि तारखेनुसार लावून बघतात.

एक गाठ सुटली नाही. सिस्टीम सांभाळणारा माणूस सगळ्या भूमिका वाटतो, म्हणजे स्वतःलाही देऊ शकतो. साठ माणसांच्या कारखान्यात त्याच्यावर दुसरा माणूस नेमता येत नाही. त्याच्या रकान्यात हिशेबाच्या सगळ्या ओळींना रेघ आहे, पण ती रेघ तोच पुसू शकतो. म्हणून भूमिकांमधल्या बदलांची नोंद दर आठवड्याला संचालकांच्या टेबलावर जाते.

`Users` मध्ये आता ‘कधीपर्यंत’ असा एक रकाना आहे. बदली कामासाठी दिलेल्या भूमिकेपुढे तारीख लिहायचीच, ती उलटली की चौकट लाल होते. परवा खरेदी अधिकारी पुन्हा चार दिवस रजेवर गेले. या वेळी त्यांची भूमिका स्टोअरकीपरना न देता प्लॅनिंगमधल्या बाईंना दिली, शुक्रवारपर्यंत.