लॉगच्या डोक्यावरचा दोन

परीक्षा जवळ आली की बीएस्सी आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे वहीच्या नाहीतर पुस्तकाच्या पानांचे फोटो यायला लागतात. पान थोडं तिरकं, कोपऱ्यात अंगठा, आणि खाली एकच प्रश्न: 'सर, कन्व्हर्ज होते का? कुठली टेस्ट लावू?' मागे असाच एक फोटो आला. त्यात तीन उदाहरणं होती आणि तिसऱ्यातला एक आकडा पुसट होता. त्या एका आकड्यावर अख्खं उत्तर फिरत होतं.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. 1/2 + 1/4 + 1/8 + … अशी बेरीज करत गेलो, तर ती १ च्या हवी तितकी जवळ जाते, पण १ ओलांडत नाही. अशी श्रेणी अभिसारी, म्हणजे कन्व्हर्जंट. 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + … या श्रेणीतही पदं लहान-लहान होत शून्याकडे जातात, तरी बेरीज कुठेच थांबत नाही. फ्रान्समधल्या निकोल ओरेमने १३५० च्या सुमारास हे साध्या गटांनी दाखवलं. 1/3 + 1/4 ही बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त, पुढच्या चार पदांची अर्ध्यापेक्षा जास्त, त्यापुढच्या आठांचीही तसंच. अर्धे मिळतच राहतात, म्हणून बेरजेला वरची हद्द नाही. ही श्रेणी अपसारी, डायव्हर्जंट. पदं शून्याकडे गेली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण पाठच करावं.

फोटोतलं पहिलं उदाहरण होतं n!/nⁿ. पदात फॅक्टोरियल किंवा n हा घातांकात दिसला की हात रेशो टेस्टकडे जावा, कारण लागोपाठच्या दोन पदांचा भागाकार केला की फॅक्टोरियल जवळजवळ सगळा कटतो. इथे उरतं (n/(n+1))ⁿ. त्याची सीमा 1/e, म्हणजे सुमारे ०.३७. ती १ पेक्षा कमी, म्हणून श्रेणी अभिसारी. मात्र 'गुणोत्तर १ पेक्षा कमी आहे' एवढंच लिहून चालत नाही. सीमा १ पेक्षा कमी हवी. 1/n च्या श्रेणीत प्रत्येक गुणोत्तर n/(n+1) हे १ पेक्षा कमीच असतं, पण सीमा १ येते. सीमा १ आली की रेशो टेस्ट काहीच सांगत नाही.

दुसरं होतं (2n+3)/(n³+n). अंशात आणि छेदात नुसते n चे घात असले की रेशो टेस्टची सीमा हमखास १ येते, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. अंशात n, छेदात n³, म्हणजे पद साधारण 1/n² सारखं वागणार. कंपॅरिझन टेस्टसाठी एवढं पुरे: 2n+3 हे 5n पेक्षा मोठं होत नाही आणि छेद n³ पेक्षा मोठा आहे, म्हणून प्रत्येक पद 5/n² पेक्षा लहान. 1/n² ची श्रेणी अभिसारी, म्हणून हीसुद्धा.

आता तिसरं. अंशात १, छेदात n आणि log n, आणि log च्या आसपास एक पुसट खूण. तिथे २ होता, की पानावरचा डाग? समजा तो डाग आहे आणि पद 1/(n log n) आहे. रेशो टेस्टची सीमा १, ती बाद. तुलना करायची तर n = 3 पासून हे पद 1/n पेक्षा लहान, पण अपसारी श्रेणीपेक्षा लहान असण्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरीच मुलं नेमकी इथे '1/n अपसारी, म्हणून हीपण अपसारी' असं लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर आलं तरी कारण चुकलेलं, आणि मार्क कारणाला असतात. उलट बाजूने 1/n^1.001 घेतलं, तर n पुरेसा मोठा झाल्यावर आपलं पद त्याहून मोठं. पण अभिसारीपेक्षा मोठं असण्यातूनही काही निघत नाही. दोन्हीकडून वाट बंद.

इंटिग्रल टेस्ट इथेच कामाला येते. पदाच्या जागी 1/(x log x) हे फल घ्यायचं. २ पासून पुढे x आणि log x दोन्ही धन आणि वाढते, म्हणून त्यांचा गुणाकार वाढता, आणि म्हणून हे फल धन, सलग आणि घटतं. हे वाक्य उत्तरात लिहावंच लागतं, कारण सगळी कसोटी त्यावर उभी आहे. फल घटतं असलं की वक्राखालचं क्षेत्रफळ आणि पदांची बेरीज एकमेकांना धरून राहतात. आता log x = u मानलं की dx/x म्हणजे du. संकलन 1/u चं उरतं आणि उत्तर log(log x) येतं. हे अतिशय संथ वाढतं, पण अनंताकडेच जातं. श्रेणी अपसारी.

किती संथ, ते पाहण्यासारखं आहे. n = 2 पासून दहा लाखापर्यंतची पदं मिळवली तर बेरीज ३.४२ च्या आसपास येते. एक लाख कोटीपर्यंत गेलं तरी ४.११. कॅल्क्युलेटरवर हे पाहून 'थांबली की' असं कुणालाही वाटेल.

आता ती खूण खरोखर २ असेल आणि पद 1/(n (log n)²) असेल, तर संकलन 1/u² चं होतं, आणि log 2 पासून अनंतापर्यंत त्याची किंमत 1/log 2, म्हणजे १.४४ येते. मर्यादित, म्हणून श्रेणी अभिसारी. पण १.४४ ही श्रेणीची बेरीज नव्हे. बेरीज संकलनापेक्षा मोठी आणि संकलन अधिक पहिलं पद यापेक्षा लहान असते, म्हणजे १.४४ आणि २.४८ यांच्या मध्ये कुठेतरी. प्रत्यक्षात ती २.११ च्या जवळ आहे.

खूण २ आहे एवढं कळूनही वाचणं संपत नाही. तो २ log च्या डोक्यावर आहे, कंसाबाहेर आहे, की n च्या डोक्यावर? log(n²) म्हणजे 2 log n. मग पद 1/(2n log n) होतं आणि श्रेणी पुन्हा अपसारी. फोटोत एका मिलिमीटरचा फरक, आणि उत्तर उलटं. म्हणून अशा वेळी मी आधी Σ खाली काय लिहिलंय ते पाहतो. तिथे n = 1 दिसलं तर वाचण्यात काहीतरी चुकलंय, कारण log 1 शून्य आणि पहिल्याच पदात भागाकार शून्याने होतो. मग शेजारचं उदाहरण पाहतो: एकाच प्रकरणात दोन्ही रूपं मुद्दाम लागोपाठ दिलेली असतात, एकात २ नसतो आणि दुसऱ्यात असतो. तेवढ्यानेही उलगडलं नाही तर सरळ दुसरा फोटो मागवतो, पान सपाट ठेवून आणि कॅमेरा बरोबर वरून धरून.

त्या मुलाने दुसरा फोटो पाठवला. २ कंसाबाहेर होता. श्रेणी अभिसारी. त्याच फोटोत खाली चौथं उदाहरणही आलं होतं: 1/(n log n · log(log n)), n = 3 पासून. २ पासून का नाही, तर log(log 2) ऋण आहे, आणि इंटिग्रल टेस्टला फल धन लागतं. इथे log(log x) = u मानायचं; पुन्हा 1/u चंच संकलन उरतं, आणि ही श्रेणी अपसारी निघते.