ओळखपत्र कोणत्या देशाचे?

‘पेर्सोनालआउसवाइस’ हा जर्मन शब्द छापलेले राष्ट्रीय ओळखपत्र जर्मनीचेच असेल असे नाही. तो ऑस्ट्रियाच्या आणि बेल्जियमच्या कार्डावरही असतो. मात्र बेल्जियमच्या कार्डावर शेजारीच डच आणि फ्रेंच नावेही दिसतात. आयताच्या मधोमध वर्तुळ असलेले चिन्ह देश सांगत नाही. आत स्पर्शाविना वाचता येणारी चिप आहे, एवढेच कळते. युरोपीय संघाच्या नव्या कार्डांवर निळ्या चौकटीत बारा ताऱ्यांच्या मध्ये दोन अक्षरी देशसंकेत असतो: DE, AT, BE.

पक्का पुरावा मागच्या बाजूला मिळतो. तिथे यंत्राने वाचायच्या तीन ओळी असतात, प्रत्येकी 30 अक्षरांच्या. पहिल्या ओळीची पहिली दोन अक्षरे कागदपत्राचा प्रकार सांगतात, पुढची तीन देणारा देश.

```
IDAUT  ऑस्ट्रिया
IDBEL  बेल्जियम
IDD<<  जर्मनी
```

जर्मनीचा संकेत एकाच अक्षराचा. उरलेल्या जागा < या चिन्हाने भरतात. दुसऱ्या ओळीतल्या 16 ते 18 या जागांवरही देशसंकेत असतो, पण तो धारकाच्या नागरिकत्वाचा. परदेशी रहिवाशाच्या कार्डावर हे दोन संकेत वेगळे निघतात. तिथे कार्ड देणारा देश पहिल्या ओळीवरूनच ठरतो.