दवाखान्याच्या फोनवरचं ‘एक दाबा’

तालुक्याच्या गावातला एक बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना डोळ्यासमोर आणा. आत डॉक्टर, त्यांच्या मदतीला एक सिस्टर, बाहेर टेबलाशी रिसेप्शनला एक ताई आणि शेजारच्या गाळ्यात मेडिकल. सोमवारी सकाळी दहाला पन्नास पालक एकदम फोन करतात आणि ताईंच्या समोर तितकीच माणसं उभी असतात. अशा वेळी कोणीतरी सुचवतं, ‘एक दाबा, दोन दाबा’वाला फोन लावून टाका. हल्ली तो लावून देणारे पुष्कळ आहेत. पण त्यात काय बोलायचं आणि कोणतं बटण कुठे न्यायचं, हे दवाखान्याने स्वतःच ठरवायला हवं. ते न ठरवल्यामुळेच फोन करणारा मध्येच लटकतो.

सुरुवात वहीपासून करावी. आठवडाभर आलेल्या प्रत्येक फोनची एक ओळ लिहायची: माणसाने नेमकं काय विचारलं, तेही त्याच्याच शब्दांत. ‘अपॉइंटमेंट विभाग’ असं कोणीच विचारत नाही. लोक विचारतात, ‘डॉक्टर आहेत का?’, ‘किती वाजेपर्यंत आहेत?’, ‘नंबर लावायचाय’, ‘ताप उतरत नाही, काय करू?’, ‘लिहून दिलेलं औषध मिळत नाही, दुसरं चालेल का?’. मेन्यू या प्रश्नांमधून यायला हवा. दवाखान्याच्या खोल्यांवरून तो बनवला, की ओपीडी, लसीकरण, बिलिंग, चौकशी अशी यादी होते आणि बाळाला कडेवर घेतलेल्या आईला आपण यातल्या कशात बसतो ते कळत नाही.

वही भरली की पहिली गोष्ट दिसते: ‘डॉक्टर आहेत का?’ या प्रश्नाला बटणाची गरजच नाही. त्याचं उत्तर पहिल्याच वाक्यात देता येतं. ते ऐकून बरेचजण फोन ठेवतील आणि त्यांचं काम झालेलं असेल.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ज्या कामासाठी सर्वांत जास्त फोन येतात, ते काम करायला काहीही दाबायला लागू नये. इथे ते काम नंबर लावण्याचं आहे. म्हणून जो काहीच दाबणार नाही, त्याचा फोन आपोआप रिसेप्शनच्या ताईंकडे वाजावा. बटणं फक्त वेगळ्या माणसाकडे जाणाऱ्या फोनसाठी. सगळी बटणं शेवटी ताईंच्याच टेबलावर वाजणार असतील, तर मेन्यू लावूच नये, सरळ घंटी वाजू द्यावी.

या हिशेबाने आपल्या दवाखान्याचं रेकॉर्डिंग असं होईल:

‘नमस्कार, हा लहान मुलांचा दवाखाना. डॉक्टर आज सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ आहेत. बाळाला दम लागला असेल किंवा झटका आला असेल, तर एक दाबा. औषधाबद्दल विचारायचं असेल, तर दोन दाबा. नंबर लावायला किंवा इतर कामासाठी काहीच दाबू नका, फोन चालू ठेवा.’

एवढंच. सावकाश बोललं तरी साधारण वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ही वाक्यं यात मुद्दाम नाहीत, कारण घाबरलेल्या माणसाला ती ओलांडून जावं लागतं. तातडीचं काम पहिलं ठेवलंय. आणि काम आधी, आकडा नंतर. ‘एक दाबा, बाळाला दम लागला असेल तर’ असं उलटं सांगितलं, तर काम ऐकेपर्यंत आकडा विसरलेला असतो.

एक दाबल्यावर फोन डॉक्टरांच्या मोबाइलवर न्यावासा वाटेल. पण ते तपासत असतात, मोबाइल खिशात गप्प असतो. तो त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या सिस्टरच्या मोबाइलवर न्यावा आणि वीस सेकंदांत उचलला नाही तर ताईंकडे वळावा. दोनचा फोन शेजारच्या मेडिकलमध्ये, अर्थात दुकानदाराशी आधी बोलून.

आता लोक नेमके कुठे अडकतात ते पाहू. टचस्क्रीनचा फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. एक दाबायचं तर फोन कानापासून दूर घ्यायचा, स्क्रीन उजळण्याची वाट बघायची, कीपॅडची खूण शोधायची, तो उघडायचा आणि मग आकडा दाबायचा. त्या वेळात रेकॉर्डिंगचं पुढचं वाक्य ऐकूच येत नाही. म्हणून शेवटच्या वाक्यानंतर सहा-सात सेकंदांची शांतता ठेवावी आणि मगच ताईंची घंटी वाजावी. पुष्कळ ठिकाणी ही वेळ तीनच सेकंद ठेवलेली असते, आजीचं बोट तोवर कीपॅडपर्यंत पोचत नाही.

बटण दाबल्यावर फोनमधून एकाच वेळी दोन सूर जातात. एकसाठी ते ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे असतात. पलीकडची यंत्रणा ही जोडी ओळखून आकडा ठरवते. रेकॉर्डिंग चालू असतानाही तिने हे सूर ऐकायला हवेत, हे लावून देणाऱ्याकडून खात्रीने करून घ्यावं. नाहीतर नेहमीचा माणूस सुरुवातीलाच एक दाबतो, काहीच घडत नाही आणि तो पुन्हा पुन्हा दाबत राहतो. कोणी चुकून सात दाबलं, तर ‘चुकीचा पर्याय, धन्यवाद’ म्हणून फोन तोडू नये. तो फोनही ताईंकडेच जावा.

रेकॉर्डिंग शक्यतो ताईंच्याच आवाजात, पंखा बंद करून करावं. मागे संगीत नको. साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज पुढे नेतो. त्यात ‘स’ आणि ‘श’ची धार आधीच बोथट होते, वर बासरी घातली की शब्द गढूळ होतात. कॉम्प्युटरवर छान वाटलेलं रेकॉर्डिंग रस्त्यावर उभं राहून, कानाला फोन लावून एकदा ऐकावं.

मग परीक्षा. दवाखान्यात आलेल्या एखाद्या मावशींना विचारायचं, ‘मावशी, या नंबरावर फोन करून नातवाच्या औषधाचं विचारता का?’ आणि गप्प उभं राहायचं. त्यांचा अंगठा कुठे थबकतो ते पाहायचं, मदत करायची नाही. असे चार-पाचजण पाहिले की कोणतं वाक्य बदलायचं ते समजतं.

सुरू केल्यावर महिनाभर कॉलची यादी पाहावी. कोणत्या नंबरवरून कधी फोन आला, काय दाबलं, किती सेकंद चालला, हे बहुतेक सेवा दाखवतात. पहिल्या दहा-बारा सेकंदांत ठेवलेला फोन बहुधा वेळ ऐकून ठेवलेला असतो, त्याची काळजी नको. पण एकाच नंबरवरून पाच मिनिटांत तीन फोन आले असतील, तर तो माणूस हरवलाय. त्याला ताईंनी उलट फोन करावा आणि कुठे अडलं ते विचारावं.

दवाखाना बंद असतानाचं रेकॉर्डिंग वेगळं हवं: उघडण्याची वेळ सांगायची आणि बाळाची तब्येत गंभीर असेल तर १०८ ला फोन करायला सांगायचं. रात्री सिस्टर फोन उचलणार नसतील, तर त्या वेळी एकचं बटण ठेवूच नये, कारण तिथे वाजत राहणारी घंटी फार महागात पडू शकते. आणि डॉक्टर अचानक रजेवर गेले, तर पहिलं वाक्य कोण बदलणार, ते आधीच ठरलेलं असावं. ‘डॉक्टर आज नाहीत, उद्या सकाळी दहाला भेटतील’ हे रेकॉर्डिंग तयार ठेवलं, तर ताईंना ते आपल्या मोबाइलवरून सकाळी दवाखाना उघडण्याआधीच चालू करता येतं.