उंच फळीवरचं मांजर मालक नसतं

शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढला, तशी संध्याकाळ झाली की मांजरं घरात कोंडली जाऊ लागली. दिवसा कौलांवर, झाडांवर पांगलेली दोन-तीन मांजरं रात्री एका खोलीत आली की भांडणं सुरू होतात. यावर उंच फळीचा उपाय खरा आहे, पण त्याबद्दलचे समज मात्र चुकीचे आहेत.

पहिला समज असा, की सगळ्यात वर बसतो तो बोका घरावर राज्य करतो. मांजर हे आफ्रिकी रानमांजराचं वंशज, एकट्यानं शिकार करणारं. कळपातल्यासारखी वरखालची ठाम उतरंड त्याच्यात नसते. ते भांडण टाळतं ते अंतर राखून, आणि खोलीत आडवं अंतर मिळत नसेल तर ते उभं मिळवावं लागतं. बुजरं मांजर वर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच पाहतं. अचानक कुणी अंगावर येणार नाही, हे कळल्यावरच ते निवांत पाय पसरून झोपतं. म्हणून ‘लपतंय’ म्हणत त्याला ओढून खाली आणू नये.

दुसरा समज अधिक नुकसान करतो: एक उंच ‘कॅट ट्री’ आणला की झालं. त्याला वर जायची वाट एकच असेल, तर खाली बसलेला बोका ती अडवतो आणि वरचं मांजर अडकतं. हे भांडण आवाजाचं नसतं. बोका वाटेत बसून नुसता रोखून पाहतो, आणि दुसरं मांजर मातीच्या ट्रेपर्यंत न जाता कोपऱ्यात मुततं. आपण त्याला घाणेरडं ठरवतो.

समजा, १० बाय १२ फुटांची खोली आहे आणि मांजरं तीन. एका भिंतीवर साडेपाच फुटांवर सहा फूट लांब, एक फूट रुंद फळी लावा. एका टोकाला पत्र्याची पेटी आणि तिच्यावर सव्वा-सव्वा फुटावर दोन छोट्या फळ्या. दुसऱ्या टोकालाही तशाच पायऱ्या, शिलाई मशीनच्या टेबलावर उतरणाऱ्या. आता एक चढलं तर दुसरं पलीकडून उतरू शकतं. तरी तिघांना एकच फळी पुरत नाही. समोरच्या भिंतीवर, खिडकीजवळ, दोन सुट्या बैठका हव्यात. फळीवर गोणपाट घट्ट ठोका, नाहीतर पाय घसरतो. चार किलोचं मांजर उडी मारून आदळतं तेव्हा भार त्याच्या वजनाहून बराच जास्त पडतो, म्हणून ब्रॅकेट विटांत पक्के बसवा, नुसत्या गिलाव्यात नको. एकदा हललेल्या फळीवर मांजर पुन्हा जायला कचरतं. फिरत्या पंख्यापासूनही ती लांब हवी.

आणि जितकं उंच तितकं चांगलं, हेही आपल्याकडे खरं नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची हवा छताजवळच सर्वांत तापते. मांजरं वरची फळी सोडून फरशीवर आली, तर ती उंचीला कंटाळलेली नसतात. अशा घरात उन्हाळ्यापुरती तीन-साडेतीन फुटांवरची बैठक द्या. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या भाटीलाही तेवढीच उंची झेपते, मात्र तिच्या पायऱ्या अर्ध्या-पाऊण फुटाच्या ठेवा.